पुसट रेघ आली आणि पाच दिवसांनी पाळी आली: तुमची टेस्ट चुकली नव्हती

प्रश्न: वय २९, लग्नाला दोन वर्षं. पाळी २८-३० दिवसांनी येते. मागची १६ ऑगस्टला आली होती. ११ सप्टेंबरला घरी टेस्ट केली, दुसरी रेघ अगदी पुसट आली. १३ ला परत केली, तशीच पुसट. १६ ला सकाळी काहीच नाही आणि संध्याकाळी पाळी सुरू झाली, नेहमीपेक्षा जरा जास्त. १७ ला डॉक्टरांनी रक्ताची बीटा एचसीजी केली, ती ९ आली. 'केमिकल प्रेग्नन्सी होती, काळजी करू नका' एवढंच म्हणाल्या. सासूबाई म्हणतात पाळी दोन दिवस उशिरा आली, बाकी काही नाही. मला दिवस राहिले होते का नव्हते? टेस्ट खराब होती का? त्या आठवड्यात मी पपई खाल्ली होती आणि रोज स्कूटरवरून ऑफिसला जात होते.

उत्तर:

हो, तुम्हाला दिवस राहिले होते. टेस्ट खराब नव्हती. पपई आणि स्कूटर यांचा याच्याशी काही संबंध नाही. या तिन्हींची कारणं पुढे सांगते. पण तुमच्या मजकुरात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती रक्तातला तो ९ चा आकडा, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. त्यावर शेवटी सविस्तर बोलू, तो भाग कृपया सोडू नका.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावात सव्वीस वर्षं ओपीडी बघते. रुमालात गुंडाळलेली टेस्टची पट्टी घेऊन येणाऱ्या बायका मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. एकीनं कार्डाचं प्लास्टिक उचकटून आतली पट्टी वेगळी काढली होती आणि खिडकीपाशी उजेडात धरून मला दाखवत होती, "मॅडम, इथं बघा, तिरकं धरलं की दिसते." त्या रेघेत किती जीव अडकलेला असतो ते मी पाहिलंय. म्हणून आधी ती रेघ नक्की काय सांगते ते बघू.

बीज फलित झालं की लगेच टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही. फलित बीज नळीतून हळूहळू पिशवीकडे सरकतं आणि अस्तरात रुजतं, त्याला बहुतेक वेळा आठ ते दहा दिवस लागतात. रुजल्यावर त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात सोडायला लागतात. ते आधी रक्तात येतं, मग लघवीत उतरतं, आणि सुरुवातीच्या दिवसांत साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी बरीचशी कार्डं, आणि आशाताई देतात ते निश्चय किट सुद्धा, ढोबळमानानं २५ युनिटच्या आसपास एचसीजी असलं की रेघ दाखवतात. पट्टीवर टी अक्षरापाशी एचसीजी पकडणाऱ्या प्रतिपिंडांचा पट्टा असतो. लघवीतलं एचसीजी रंगाचे कण सोबत घेऊन तिथं अडकतं आणि रेघ उमटते. जेवढं एचसीजी जास्त तेवढे कण जास्त, तेवढी रेघ गडद. एचसीजी थोडं असेल तर रेघ पुसट. म्हणजे पुसट रेघ हीसुद्धा रेघच आहे. सीच्या रेघेइतकी गडद नाही म्हणून निगेटिव्ह, असं काही नसतं.

आता तुमच्या तारखा मांडू. १६ ऑगस्टला पाळी आणि २९ दिवसांचं चक्र धरलं तर पुढची पाळी १४ सप्टेंबरला यायची. बीज साधारण त्याच्या १४ दिवस आधी, म्हणजे ३१ ऑगस्टच्या सुमाराला बाहेर पडलं असणार. रुजायला आठ-दहा दिवस धरले तर ८ ते १० सप्टेंबर. तुम्ही टेस्ट केली ११ ला. म्हणजे गर्भ रुजून जेमतेम एक-तीन दिवस झाले होते आणि एचसीजी पट्टीच्या उंबरठ्यावर होतं. त्या दिवशी पुसट रेघ येणं अगदी बरोबर होतं. तुम्ही आणखी दोन दिवस आधी टेस्ट केली असती तर ती बहुधा निगेटिव्ह आली असती आणि तुम्ही निश्चिंत झाला असता. पाळी चुकण्याची वाट बघून १६ ला सकाळी केली असती तरी निगेटिव्हच आली असती, आणि सासूबाई म्हणतात तसं तुम्हालाही पाळी दोन दिवस लांबली असंच वाटलं असतं. तुम्हाला हे कळलं ते तुम्ही नेमक्या त्या मधल्या दिवसांत बघितलंत म्हणून. सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या वेळी घरोघरी असं कार्ड नव्हतं, त्यामुळे असं झालेलं कुणाला कळायचंच नाही.

रेघ खोटी असू शकते का? असू शकते, पण त्याच्या खुणा वेगळ्या असतात. कार्ड तसंच ठेवून अर्ध्या तासानं परत बघितलं तर लघवी वाळून टीच्या जागी राखाडी, बिनरंगाची बारीक ओळ दिसते. ती रेघ नव्हे, ती वाळल्याची खूण. खरी रेघ गुलाबी-लालसर असते, सीच्या रेघेच्याच रंगाची पण फिकट, तिच्याइतकीच रुंद, आणि कार्डावर लिहिलेल्या वेळेत, म्हणजे साधारण पाच मिनिटांत दिसते. दहा मिनिटांनंतर दिसलेल्या कुठल्याच ओळीवर मी विश्वास ठेवत नाही. मोबाइलवर फोटो काढून उजेड-रंग वाढवून शोधलेल्या रेघेवर तर नाहीच. तुमची रेघ दोन वेगवेगळ्या कार्डांवर दोन वेगळ्या दिवशी दिसली आणि १७ ला रक्तात ९ सापडलं. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हा आकडा ५ च्या खाली असतो. तेव्हा शंकेला जागा राहत नाही. एक अपवाद मात्र विचारून घेते: या महिन्यात बीज फुटण्यासाठी इंजेक्शन घेतलं होतं का? त्या इंजेक्शनांतलं बरंचसं औषध म्हणजे एचसीजीच असतं, ते दहा-चौदा दिवस अंगात राहतं आणि गर्भ नसतानाही रेघ दाखवतं. तुम्ही उपचाराचा उल्लेख केलेला नाही, म्हणून नसावं असं धरते.

१३ तारखेची रेघ ११ च्या रेघेइतकीच पुसट होती, हे तुम्ही बरोबर टिपलंत. सगळं नीट चालू असतं तर दोन दिवसांत ती थोडी गडद व्हायला हवी होती. तरी एवढ्यावरून मी त्या दिवशी काही ठरवलं नसतं. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि रेघ फिकी पडते. दोन कंपन्यांची कार्डं सारखी नसतात, एकाच कंपनीच्या दोन डब्यांतही फरक पडतो. रोज एक पट्टी करून रेघांची रांग लावणं आणि आज किती गडद ते ताडून बघणं, यातून मनाला फक्त त्रास होतो. दोन दिवस जाऊ देऊन सकाळच्या पहिल्या लघवीवर नवं कार्ड करा, आणि तरीही कळत नसेल तर रक्त तपासा. रक्तात आकडा मिळतो, आणि आकड्यांची तुलना करता येते.

आता 'केमिकल' या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकून बायका मला विचारतात, "मी कुठलं केमिकल खाल्लं का?" भाजीवरची फवारणी, केसांचा रंग, फरशीचं फिनेल, सगळं आठवून येतात. नावाचा अर्थ एवढाच, की गर्भधारणा फक्त रक्ता-लघवीच्या रासायनिक तपासणीत कळली, सोनोग्राफीत पिशवीत गर्भ दिसण्याइतकी ती पुढे गेलीच नाही. बीज फलित झालं, रुजलं, एचसीजी बनू लागलं आणि काही दिवसांत वाढ थांबली. एचसीजी उतरलं, अस्तर सुटलं आणि पाळी आली. म्हणजे तो फार लवकर झालेला गर्भपातच. पिशवी साफ करावी लागत नाही, गोळी लागत नाही. रक्तस्राव नेहमीपेक्षा थोडा जास्त होतो किंवा पोटात जास्त दुखतं, आणि चार-सहा दिवसांत थांबतं.

हे किती जणींच्या बाबतीत होतं? १९८० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये एक अभ्यास झाला. मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळची लघवी जपून ठेवली आणि ती अतिशय संवेदनशील पद्धतीनं तपासली गेली. १९८८ साली निकाल प्रसिद्ध झाला. एकूण १९८ गर्भधारणा आढळल्या, आणि त्यातल्या २२ टक्के त्या बाईला किंवा डॉक्टरला कळण्याआधीच संपल्या होत्या. पाचातली एक म्हणा. या बायका आजारी नव्हत्या, तुमच्यासारख्याच घर-नोकरी सांभाळणाऱ्या होत्या.

कारण बहुतेक वेळा गर्भातच असतं. बीज आणि शुक्राणू तयार होताना किंवा पहिल्या काही पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकते, एखादं कमी पडतं किंवा जास्त येतं, आणि असा गर्भ पुढे वाढू शकत नाही. ती चूक ३१ ऑगस्टच्या आसपासच झाली होती, तुम्ही पपई कापण्याच्या कितीतरी आधी. स्कूटरचं म्हणाल तर त्या दिवसांत गर्भ खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो आणि हाडांच्या कड्याच्या आत, पिशवीच्या जाड भिंतीत, मऊ अस्तरात रुतलेला असतो. रस्त्यातल्या खड्ड्यांनी तो निसटत नाही. घरात कुणी म्हणालं की गाडीमुळे झालं, तर हे त्यांना वाचून दाखवा.

आता तो ९ चा आकडा.

एका आकड्यावरून वाट चढणीची की उताराची ते कळत नाही. तुमच्या बाबतीत ती उताराची असावी असं मला वाटतं, कारण ११ आणि १३ ला पट्टीवर रेघ दिसत होती, १६ ला दिसली नाही आणि १७ ला रक्तात ९ आलं. केमिकल प्रेग्नन्सीत नेमकं असंच होतं. पण पट्टी २५ च्या खाली आंधळी असते. पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे एचसीजी संपलं असं नाही. म्हणून ९ वर थांबायचं नसतं, तो आकडा ५ च्या खाली गेलेला डोळ्यांनी बघायचा असतो. ४८ तासांनी परत करायला हवी होती. तुम्ही हे वाचेपर्यंत तेवढा वेळ झालाच असेल. उद्या त्याच लॅबमध्ये पुन्हा बीटा एचसीजी करा. लॅब तीच हवी, कारण दोन लॅबच्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत.

मी एवढा आग्रह का धरते ते एका रुग्णाच्या गोष्टीतून सांगते. तीसेक वर्षांची बाई, तुमच्यासारखीच कहाणी. पुसट रेघ, मग पाळीसारखा रक्तस्राव, पाच दिवसांत थांबला. घरच्यांनी पाळी आली म्हणून विषय सोडून दिला. तिला मात्र डाव्या बाजूला बारीक दुखत राहिलं, म्हणून ती आली. बीटा एचसीजी ३८. दोन दिवसांनी ४४. आणखी दोन दिवसांनी ५७. उतरत असती तर हे आकडे खाली यायला हवे होते. गर्भ पिशवीत नीट वाढत असता तर दोन दिवसांत ३८ चे निदान ५५-६० तरी झाले असते, बहुतेक वेळा त्याहून जास्त. इथं दोन्ही होत नव्हतं, आकडा रेंगाळत वर जात होता. त्या वेळी सोनोग्राफीत काही दिसलं नाही, आणि एवढ्या कमी आकड्याला दिसतही नाही. पिशवीतला गर्भ दिसायला आकडा हजार-दीड हजाराच्या पुढे जावा लागतो. आठवड्यानं आकडा १४० झाला आणि डाव्या नळीपाशी लहानशी गाठ दिसली. गर्भ नळीत रुजला होता. वेळेत कळल्यामुळे मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागलं आणि पाच आठवड्यांत आकडा शून्यावर आला. नळी वाचली. तीच बाई नळी फुटल्यावर आली असती तर रात्रीतून ऑपरेशन करून रक्त चढवावं लागलं असतं.

तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, शक्यता कमीच आहे. पण एका बाजूला सतत दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर आली, घाम सुटला किंवा तासाला एक पॅड भिजू लागलं, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा, रात्र असली तरी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या घेऊ नका, हे दोन्ही बाजूंनी सांगते. काही जणी पुसट रेघ बघून पाळी आणायच्या गोळ्या घेतात. नको असलेला गर्भ असेल तर सोनोग्राफी न करता गर्भपाताच्या गोळ्याही घेतात. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, रक्तस्राव होतो म्हणून सगळं झालं असं वाटतं आणि नळी आत फुगत राहते. दुसऱ्या बाजूला, गर्भ टिकावा म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवरच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेणाऱ्याही असतात. गुणसूत्रांची वाटणीच चुकलेली असेल तर त्या गोळ्यांनी ती दुरुस्त होत नाही. उलट पाळी अडकून राहते आणि आकडा उतरला तरी बाईला कळत नाही.

पाळी यायच्या आधी टेस्ट करावी का, याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. आधी नळीत गर्भ राहिला असेल, थायरॉइडच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर लवकर कळलेलं बरं, कारण त्यावर लगेच काही करायचं असतं. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार असेल तर सेंटरनं दिलेल्या तारखेलाच करावी. तुमच्यासारख्या, इतर काही त्रास नसलेल्या बाईला मी पाळी चुकून तीन-चार दिवस थांबायला सांगते. डब्यावर ९९ टक्के अचूक लिहिलेलं असतं, पण पाळीच्या ठरल्या दिवशी काही गर्भ अजून रुजलेलेच नसतात, आणि जे लघवीत नाही ते कुठलंही कार्ड दाखवू शकत नाही. पीसीओडीमुळे बीजच उशिरा फुटत असेल तर पाळी चुकून आठवडा झाला तरी टेस्ट निगेटिव्ह येऊन नंतर पॉझिटिव्ह येऊ शकते. लवकर बघायचं की नाही हा निर्णय तुमचाच. फक्त लवकर बघितलं तर असे थोड्या दिवसांचे गर्भही दिसणार, हे मनाशी धरून बघा. ते पाच दिवस तुमच्या मनात बाळ होतं, त्याचं वाईट वाटणारच. ते वाईट वाटणं खरं आहे, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

एकदा असं झालं म्हणून तपासण्यांची रांग लावायची गरज मला वाटत नाही. दोनदा झालं तर थायरॉइड, साखर आणि रक्त गोठण्याशी संबंधित अँटिबॉडीज तपासून घेते, काही वेळा पिशवीचा आकारही बघते. फोलिक अॅसिड चालू नसेल तर ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक सुरू करा. फक्त उद्याचा आकडा ५ च्या खाली आहे हे बघून मगच. नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेट द्यावं लागलं तर फोलिक अॅसिड बंद ठेवावं लागतं, म्हणून हा क्रम.

आकडा खाली गेला की पुढच्या महिन्यातच प्रयत्न करायला हरकत नाही, तीन महिने थांबायचं वैद्यकीय कारण नाही. मनाला वेळ हवा असेल तर घ्या. १६ सप्टेंबर हा नव्या पाळीचा पहिला दिवस धरा. त्या हिशोबानं पुढची पाळी १५ ऑक्टोबरच्या आसपास यायला हवी, पण अशा वेळेनंतरचं पहिलं चक्र चार-सहा दिवस मागेपुढे होतं. पाळी आली नाही तर १९ ऑक्टोबरला सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा, कार्डावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, ते सपाट जागी ठेवा, घड्याळ लावून पाच मिनिटांनी बघा आणि मग कार्ड टाकून द्या. रेघ पुसट आली तर दुसरं कार्ड २१ तारखेला.